दहा टक्के शेअर आणि निम्म्याहून अधिक मते

प्रश्न: "आम्ही सात जण मिळून दालमिलची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढत आहोत. ज्याची कल्पना आहे तो फक्त 10 टक्के पैसे टाकणार, पण सूत्रे आपल्याच हातात राहतील म्हणतो. फेसबुकमध्येही असेच आहे म्हणे. हे कायद्यात बसते का?"

कायद्यात बसते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 43 नुसार मतदानाचे वेगळे अधिकार असलेले इक्विटी शेअर काढता येतात आणि प्रायव्हेट कंपनीला आपल्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या अंतर्गत नियमावलीत, तशी तरतूद करून याबाबत बरीच मोकळीक घेता येते. मालकीचा वाटा आणि मताचा वाटा या दोन गोष्टी सहसा बरोबरीने चालतात, म्हणून आपण त्यांना एकच समजतो. वास्तविक वाटा ठरवतो की नफ्यातील किती पैसे तुमचे, आणि मत ठरवते की संचालक कोण नेमायचा.

तुमच्याच दालमिलचा हिशेब मांडतो. समजा, 100 रुपयांचे एक लाख शेअर आहेत, म्हणजे भांडवल एक कोटी. संस्थापकाकडे 10,000 शेअर असून त्याच्या प्रत्येक शेअरला दहा मते आहेत. बाकी सहा जणांकडे 90,000 शेअर असून त्यांच्या शेअरला एकेकच मत आहे. संस्थापकाची मते झाली एक लाख, तुमची 90,000. एकूण 1,90,000 मतांपैकी त्याच्याकडे 52.6 टक्के मते गेली. वीस लाखांचा लाभांश वाटला तर त्याला दोनच लाख मिळतील, पण साध्या बहुमताने होणारा प्रत्येक ठराव तो एकटा मंजूर करू शकेल. दहास एक या प्रमाणात 9.1 टक्के वाटा असला, की निम्मी मते ओलांडली जातात. फेसबुकच्या मूळ कंपनीत, म्हणजे मेटामध्ये, हेच प्रमाण आहे. तेथे मार्क झुकेरबर्ग यांची मालकी सुमारे 13 टक्के, परंतु मते 60 टक्क्यांच्या वर आहेत.

तथापि हा ताबा अभेद्य नसतो. आर्टिकल्स बदलायचे असतील तर विशेष ठराव लागतो, म्हणजे ठरावाच्या बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत, 52.6 टक्क्यांवर ते त्याला एकट्याला जमणार नाही. शिवाय उद्या मिल वाढवण्यासाठी एकेक मताचे आणखी 50,000 शेअर काढले आणि ते सर्व इतरांनी घेतले, तर तुमची मते 1,40,000 होतील आणि संस्थापक 41.7 टक्क्यांवर येईल. गुगलने 2014 मध्ये मतच नसलेला तिसऱ्या वर्गाचा शेअर काढला, त्यामागे हीच भीती होती; असे बिनमताचे शेअर कितीही वाढले तरी संस्थापकांच्या मतांना धक्का लागत नाही. तुमच्या मसुद्यात बिनमताच्या शेअरचे कलम दिसले, तर ते का ठेवले आहे हे स्पष्ट विचारा.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील एका कंपनीच्या आमसभेला मी भागधारक म्हणून हजर होतो. व्यवस्थापकीय संचालकाचे वेतन वाढवण्याचा ठराव होता. हात वर झाले तेव्हा चौदा विरोधात आणि तीन बाजूने होते, आणि आम्हाला वाटले की ठराव पडला. मग अध्यक्षांनी पोल घेतला, कागदावर शेअरनिहाय मते मोजली गेली आणि ठराव मंजूर झाला. हात वर करताना माणूस मोजला जातो, पोलमध्ये मते मोजली जातात. हा फरक आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हता. आपल्याकडे सहकारी संस्थेत किंवा वैयक्तिक सभासदांच्या शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर कितीही असले तरी सभासदाला एकच मत असते, त्यामुळे तीच सवय अंगवळणी पडलेली असते. त्या दिवसाची हळहळ अजूनही जात नाही, म्हणून एवढे सविस्तर लिहितो आहे.

मालमत्ता न लिहून देता केवळ मते दिली, म्हणून संस्थापकावर अविश्वास दाखवलाच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. तुरीची खरेदी, मिलची घडी आणि नागपूरचे व्यापारी त्यालाच माहीत असतील, तर सुरुवातीची काही वर्षे निर्णय एकाच हातात असणे कंपनीच्या हिताचेही ठरते. पण त्याची मुदत लिहून घ्या. सेबीने 2019 मध्ये शेअर बाजारात येणाऱ्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी अशी मुभा दिली, तेव्हा जास्त मतांचे शेअर बाजारातील नोंदणीनंतर पाच वर्षांनी साधे, म्हणजे एक मताचे, होतील आणि मुदतवाढ एकदाच, तीही इतर भागधारकांच्या मतांनी मिळेल, असे बंधन घातले. लेखापरीक्षकाची नेमणूक, संबंधितांशी होणारे मोठे व्यवहार, आर्टिकल्समधील बदल अशा विषयांवर तेथे एका शेअरला एकच मत धरतात. हे नियम तुमच्या छोट्या कंपनीला लागू नाहीत, पण त्यातील तरतुदी आर्टिकल्समध्ये जशाच्या तशा घेण्यास कोणाची हरकत नसावी.

आणखी एक कलम नक्की घाला: संस्थापकाने शेअर विकले, राजीनामा दिला किंवा त्याचे निधन झाले, तर ते दहा मतांचे शेअर आपोआप एक मताचे होतील. हे कलम नसेल, तर मिल न पाहिलेला वारस किंवा खरेदीदार उद्या तुमचे संचालक नेमील.