महारेराकडे तक्रार: नंबर खरा, पण कुणाचा?

बिल्डरच्या जाहिरात फलकाबद्दल महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, द्यायच्या तक्रारीचा तुमचा मसुदा वाचला. ‘फसवे’, ‘लुटारू’ हे शब्द आधी काढा. अधिकाऱ्याला तुमचा राग नको, पडताळता येईल अशी गोष्ट हवी.

बिल्डरने फलकावर महारेराचा नोंदणी नंबर छापलाय, तेव्हा ‘नोंदणीच नाही’ असं लिहून चालणार नाही. महारेराच्या संकेतस्थळावर तो नंबर शोधा. प्रकल्पाचा नंबर P ने सुरू होतो, एजंटचा A ने. मी एकदा दुसऱ्या एका फलकावरचा नंबर शोधला, तर तो खरा निघाला, पण तो ए विंगचा. जाहिरात होती बी विंगची. टप्प्याटप्प्याच्या बांधकामात प्रत्येक टप्प्याची नोंदणी वेगळी लागते, म्हणून हीच विसंगती पत्राचा गाभा ठरली. मी लिहिलं: ‘अमुक तारखेला अमुक चौकातल्या फलकावर हा मजकूर होता, नोंदीत या नंबरसमोर फक्त ए विंग दिसते. २०१६च्या रेरा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे चौकशी व्हावी.’ सोबत फलकाचा फोटो आणि नोंदीची प्रत.

जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणी सक्तीची नसते, तेवढं आधी तपासा. आणि बिल्डरला आत्ताच फोन करू नका हो, फलक रातोरात उतरतो.