आधी अंक मर्यादित करा, मग उपसर्ग निवडा

उद्यमबागेतील कारखान्यासाठी आपण जो प्रवाहमापक तयार करीत आहात, त्याच्या पडद्यावर मधूनच ‘1000 µA’ असे उमटते, याचे कारण संवेदकात नसून आकडेमोडीच्या क्रमात आहे.

समजा मोजमाप 0.0009996 अँपिअर आले आणि आपल्याला तीन सार्थ अंक हवे आहेत. आपला प्रोग्राम प्रथम उपसर्ग ठरवतो, त्यामुळे त्याला 999.6 मायक्रोअँपिअर मिळतात. नंतर तो अंक मर्यादित करतो, तेव्हा 1000 होतात आणि उपसर्ग मात्र जुनाच राहतो. म्हणून प्रथम तीन सार्थ अंकांपर्यंत पूर्णांकन करावे. सी भाषेत हे सोपे आहे:

```c
snprintf(s, sizeof s, "%.2e", x);
```

यातून `1.00e-03` मिळते, आणि घातांक -3 असल्याने योग्य उत्तर ‘1.00 mA’ हे आपोआप ठरते. शेवटची दोन शून्ये कृपया काढू नयेत, कारण मोजमाप किती अंकांपर्यंत विश्वसनीय आहे हे तीच सांगतात.

घातांक तीनच्या पटीत आणताना ऋण घातांकांकडे विशेष लक्ष द्यावे. 0.00025 चा घातांक -4 आहे. सी भाषेतील पूर्णांक भागाकार -4/3 चे उत्तर -1 देतो, त्यामुळे 0.250 मिलिअँपिअर दिसते. खालच्या पूर्णांकाकडे, म्हणजे -2 कडे गेल्यास घातांक -6 होतो आणि 250 मायक्रोअँपिअर मिळतात. लॉगरिदम वापरणार असाल, तर शून्य मूल्य आधीच वेगळे हाताळावे.