पुरवठादाराला लिहिलेलं तक्रारपत्र सौम्य कसं करावं?

प्रश्न: पत्र फार तिखट झालंय. भाषा मवाळ करायची आहे, पण पैसे परत हवेतच. काय बदलू?

उत्तर: आरोप काढा, मागणीला हात लावू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: राग तसाच ठेवतात आणि शेवटी 'शक्य झाल्यास विचार व्हावा' लिहून मागणीच पातळ करतात.

'तुम्ही सडका माल माथी मारलात' या वाक्यात कर्ता 'तुम्ही' आहे, म्हणून ते बोचतं. कर्ता मालाला करा: 'चलनाप्रमाणे आलेल्या 200 खोक्यांपैकी 36 ओली निघाली, उतरवतानाचे फोटो सोबत जोडले आहेत.' धार गेली, पण नाकारायला जागा उरली नाही. 'नेहमीचंच आहे तुमचं' हे तर खोडाच. त्यावरून वेगळाच वाद सुरू होतो.

मागणीचं वाक्य मात्र स्वतंत्र परिच्छेदात, आकडा आणि तारखेसह: 'या 36 खोक्यांची बिलातील रक्कम 15 तारखेपर्यंत आमच्या बँक खात्यात जमा करावी. ही रक्कम पुढील बिलात वळती करू नये.' हे दुसरं वाक्य विसरू नका, नाहीतर परताव्याऐवजी पुढच्या ऑर्डरीत सवलत पुढे केली जाते. 'करावी' पुरेसं नम्र आहे. 'कृपया' एकदाच, तेही फोटो पाहण्याच्या विनंतीपाशी.