तक्रारदार आलाच नाही, तर उलटतपासणी कोणाची?

प्रश्न : मी सरकारी कार्यालयात लिपिक आहे. ६ मार्चला दुपारी दाखल्यासाठी एका अर्जदाराकडून १,५०० रुपये घेतले, असं दोषारोपपत्र मला मिळालं आहे. त्या दुपारी मी जिल्ह्याच्या बैठकीला गेलो होतो. तक्रारदाराच्या जबाबाची प्रत दिलेली नाही. पहिल्या तारखेला चौकशी अधिकारी म्हणाले, ‘तो येणार नाही, त्याचा लेखी जबाब पुरेसा आहे. वकीलही मिळणार नाही.’ माझ्याविरुद्ध कार्यालयाची बाजू मांडणारे सादरकर्ता अधिकारी मात्र विधी अधिकारी आहेत. पुढच्या तारखेला जाऊच नये, असं सहकारी सांगतात.

उत्तर : जा, आणि प्रत्येक तारखेला जा. तुम्ही गैरहजर राहिलात की चौकशी एकतर्फी चालते आणि ‘संधी दिली होती’ एवढं वाक्य रोजनाम्यात कायमचं बसतं. मग ते पुसता पुसत नाही.

तारखेची वाट न पाहता चौकशी अधिकाऱ्यांना आजच एक अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. आधी आरोप नेमका मागा. ‘दुपारी’ म्हणजे किती वाजता, कार्यालयात की बाहेर, पैसे देताना दुसरं कोणी होतं का? वेळच माहीत नसेल तर आपण तेव्हा कुठे होतो हे तुम्ही दाखवणार कसं? नुसतं दोषारोपपत्र हातात पडलं म्हणजे नोटीस झाली असं नाही. उत्तर देता येईल इतका स्पष्ट आरोप त्यात असायला हवा.

त्याच अर्जात कागद मागा : मूळ तक्रार, प्राथमिक चौकशीतला तक्रारदाराचा जबाब, कार्यालयाची हालचाल नोंदवही आणि त्या बैठकीचं उपस्थितीपत्रक. प्रत्येक कागदापुढे तो कशासाठी हवा हे एका ओळीत लिहा. हे बहुतेक जण लिहीत नाहीत आणि तिथेच अडकतात. दोषारोपपत्राच्या यादीबाहेरचा कागद असंबद्ध म्हणून नाकारता येतो, आणि पुढे न्यायालयही विचारतं की तो न मिळाल्याने तुमचं नुकसान काय झालं. तुम्ही असं लिहा : ‘मूळ तक्रारीतली वेळ आणि नंतरच्या जबाबातली वेळ पडताळून तक्रारदाराला प्रश्न विचारायचे आहेत.’ तक्रारीत सकाळ आणि जबाबात दुपार निघाली, तर तुमच्या हाती सगळ्यात मोलाचा प्रश्न आला.

पण प्रश्न विचारायला माणूस समोर हवा. लेखी जबाब फाइलला लावला म्हणून तो सिद्ध होत नाही. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक (२००९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं : कागद साक्षीदारामार्फत शाबीत व्हावा लागतो. म्हणून तक्रारदाराला उलटतपासणीसाठी बोलवावं, नाहीतर त्याचा जबाब पुराव्यात धरू नये, अशी लेखी मागणी करा. चौकशी अधिकाऱ्यांनी तोंडी नकार दिला तर तो रोजनाम्यात नोंदवायला सांगा आणि नोंद वाचल्याशिवाय सही करू नका. नोंद घेतली नाही, तर त्याच दिवशी तसं पत्र द्या.

इथे एक धोका सांगायलाच हवा. तक्रारदार आला नाही म्हणून चौकशी आपोआप कोसळत नाही. हरियाणा राज्य विरुद्ध रतन सिंग (१९७७) या प्रकरणात बस वाहकाविरुद्ध प्रवाशांची साक्ष झालीच नव्हती. तरी तपासणी पथकातल्या निरीक्षकाची साक्ष पुरेशी ठरली, कारण तपासणी त्याने स्वतः केली होती. तेव्हा तुमच्या दोषारोपपत्रातली साक्षीदारांची यादी आज पुन्हा वाचा. पैसे देताना पाहिलं असं म्हणणारा कोणी त्यात असेल, तर तुमची खरी उलटतपासणी त्याची आहे. ‘तू कुठे बसला होतास, तिथून माझं टेबल दिसतं का, हे त्या दिवशी कोणाला सांगितलंस?’ असे छोटे, एकेका गोष्टीचे प्रश्न लिहून न्या. यादीत फक्त जबाब नोंदवणारा अधिकारी असेल, तर त्याने काय ऐकलं एवढंच तो सांगू शकतो, आणि तुमची बाजू बरीच भक्कम होते.

वकिलाबद्दल. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ प्रमाणे बचावासाठी दुसऱ्या सरकारी कर्मचाऱ्याची मदत घेता येते, वकील मात्र सरसकट मिळत नाही. सादरकर्ता अधिकारी स्वतः वकील असेल किंवा शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याने, म्हणजे ज्यांच्या आदेशाने ही चौकशी चालते त्यांनी, परवानगी दिली, तर मिळतो. समोर कायदा शिकलेला माणूस उभा करून कर्मचाऱ्याला वकील नाकारणं अन्यायाचं आहे, असं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या प्रकरणात (१९८३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. त्याचा हवाला देऊन शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करा. सादरकर्ता अधिकाऱ्यांच्या पदनामाचा आदेश सोबत जोडा. निर्णय येईपर्यंत मात्र एखादा अनुभवी सहकारी बचाव सहाय्यक म्हणून नेमून ठेवा, तारीख रिकामी जाऊ देऊ नका.

चौकशी अहवाल तुमच्याविरुद्ध गेला, तर शिक्षेआधी त्याची प्रत मिळणं आणि त्यावर म्हणणं मांडणं हा तुमचा हक्क आहे. त्या वेळी याच अर्जांच्या पोचपावत्या लागतील. त्यांची वेगळी फाइल आजच सुरू करा, आणि त्यात बैठकीच्या उपस्थितीपत्रकाची प्रत सगळ्यात वर ठेवा.