कंपोझिशनचा एक टक्का आणि नफ्यावरचा कर: किराणा दुकानाचा हिशेब

प्रश्न: डिचोलीत माझे जनरल स्टोअर आहे, वर्षाची विक्री ६५ ते ७० लाख. तीन वर्षे जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत आहे. आता भाऊ म्हणतो की रेग्युलरमध्ये गेलेले बरे, पण एक टक्क्यापेक्षा स्वस्त काय असणार? नेमके काय करावे?

उत्तर:

फोंड्यात मी लहान दुकानदारांचे हिशेब पाहतो आणि ‘एक टक्क्यापेक्षा स्वस्त काय असणार’ हे वाक्य मला दर मार्च महिन्यात ऐकू येते. आपल्या भावाचे म्हणणे मला विचार करण्यासारखे वाटते, कारण कंपोझिशनमधला एक टक्का पूर्ण विक्रीवर लागतो, तर रेग्युलरमध्ये खरेदीवर भरलेला कर वजा होत असल्यामुळे प्रत्यक्ष खिशातून जाणारा कर फक्त आपल्या नफ्यापुरता असतो. गिऱ्हाईक छापील किंमतच देणार असल्यामुळे दोन्ही पद्धतींत गल्ल्यात येणारी रक्कम सारखीच राहते. फरक पडतो तो त्यातून सरकारकडे किती जाते यात.

एका वस्तूवर पाहू. पाच टक्के कराचा माल आपण करासह १०५ रुपयांना घेतला आणि ११५ रुपये ५० पैशांना विकला. रेग्युलरमध्ये विक्रीतला कर साडेपाच रुपये आणि खरेदीतला पाच, म्हणजे भरायचे फक्त ५० पैसे. कंपोझिशनमध्ये त्याच विक्रीवर एक टक्का, म्हणजे सुमारे १ रुपया १६ पैसे भरावे लागतात आणि खरेदीतले पाच रुपये परत मिळत नाहीत. आता १८ टक्क्यांचा माल घेऊ: ११८ रुपयांची खरेदी आणि १२९ रुपये ८० पैशांची विक्री. येथे रेग्युलरमध्ये १ रुपया ८० पैसे जातात आणि कंपोझिशनमध्ये १ रुपया ३० पैसे. नफ्याचे प्रमाण तेच असूनही उत्तर उलटले.

यावरून मी एक ठोकताळा धरतो. पाच टक्क्यांच्या मालात विक्रीच्या शंभर रुपयांमागे आपल्याला २१ रुपयांपेक्षा कमी सुटत असतील तर कराच्या दृष्टीने रेग्युलर स्वस्त पडते. १८ टक्क्यांच्या मालात हीच सीमा साधारण साडेसहा रुपयांवर येते. किराणा मालात शंभराला २१ रुपये सुटणारे दुकान मी तरी क्वचितच पाहिले आहे.

आपण तीन वर्षांपूर्वी घेतलेला निर्णय त्या वेळी बरोबर असू शकेल, पण २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले. बिस्किटे, आंघोळीचा साबण, टूथपेस्ट आणि केसांचे तेल १८ टक्क्यांवरून पाचवर आले, तूप आणि फरसाण बारावरून पाचवर आले. धुण्याची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली. म्हणजे आपल्या फळीवरचा बराचसा माल कंपोझिशन फायद्याचे असलेल्या बाजूकडून तोट्याच्या बाजूला सरकला आणि कंपोझिशनचा एक टक्का आहे तिथेच राहिला.

साखळी शहरातल्या एका दुकानाचा हिशेब मी नुकताच मांडला. त्याची विक्री आपल्याइतकीच आहे. करमुक्त सुटा तांदूळ, डाळी आणि दूध यांची विक्री १० लाख, पाच टक्क्यांच्या मालाची ४४ लाख (खरेदी करासह ४० लाख) आणि १८ टक्क्यांच्या मालाची १३ लाख २० हजार (खरेदी करासह १२ लाख). व्यापाऱ्याला कंपोझिशनचा एक टक्का फक्त करपात्र मालावर लागतो, त्यामुळे तांदूळ-डाळ दोन्हीकडे बाजूला राहिली. कंपोझिशनमध्ये कर झाला ५७,२०० रुपये. रेग्युलरमध्ये पाच टक्क्यांच्या मालावरच्या चार लाखांच्या नफ्यात सुमारे १९,०५० आणि १८ टक्क्यांच्या मालावरच्या १ लाख २० हजारांत सुमारे १८,३०० असा कर बसला, म्हणजे एकूण साधारण ३७,३५०. वर्षाला जवळजवळ वीस हजारांचा फरक. त्यातून विवरणपत्रांच्या कामाची वाढीव फी नऊ हजार गेली तरी दहा-अकरा हजार उरतात.

हे दहा हजार टिकवायचे असतील तर दोन गोष्टी जमल्या पाहिजेत. पहिली म्हणजे काउंटरवर दरानुसार वेगळी बिले करणारी संगणकावरची व्यवस्था. रोजचा गल्ला मोजून विक्रीचे दर अंदाजाने वाटले तर चूक होणार आणि ती व्याजासह भरावी लागणार. दुसरी म्हणजे वितरकांची शिस्त. वितरकाने आपले बिल त्याच्या विवरणपत्रात दाखवले तरच ते पोर्टलवर आपल्या GSTR-2B या खरेदीच्या यादीत दिसते, आणि तिथे दिसले नाही तर हातात छापील बिल असूनही खरेदीतला कर वजा करता येत नाही. कराचे आकडे भरण्याआधी बिलांची फाइल आणि ही यादी शेजारी ठेवून टिक करत जाणे हे कंटाळवाणे काम आहे, पण सुटलेले बिल तिथेच सापडते आणि वितरकाला लगेच फोन करता येतो.

दुकान भाड्याचे असेल आणि घरमालकाची जीएसटी नोंदणी नसेल तर आणखी एक आकडा मांडावा लागेल. रेग्युलर दुकानदाराला अशा भाड्यावर १८ टक्के कर स्वतः रोखीने भरावा लागतो. तो नंतर वजा मिळतो, पण करमुक्त मालाच्या प्रमाणातला हिस्सा बुडतो. कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून या भाड्याच्या करातून सूट आहे. महिना १५ हजार भाडे असते तर साखळीच्या त्या दुकानाचे वर्षाला पाच हजारांच्या आसपास यात गेले असते.

कंपोझिशन सोडण्यामागे बरेच जण ‘हॉटेलवाले कराचे बिल मागतात’ हे कारण सांगतात. आपल्या गोव्यात ते मला फारसे पटत नाही, कारण पाच टक्के कर लावणाऱ्या उपाहारगृहाला खरेदीवरचा कर वजा करण्याची मुभाच नसते. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गचे गिऱ्हाईक हे कारण जास्त खरे आहे. कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. काउंटरवर माल घेऊन जाणाऱ्याची अडचण नाही, पण टेम्पोने सीमेपलीकडे माल पोचवला किंवा बिलावर तिकडचा पत्ता लिहिला तर योजनेची पात्रताच जाऊ शकते, आणि मग कराबरोबर दंडही येतो. आपण असा माल पाठवत असाल तर वरचा सगळा हिशेब बाजूला ठेवून रेग्युलरमध्येच जावे.

बाहेर पडण्यासाठी मार्चची वाट पाहावी लागत नाही. पोर्टलवर CMP-04 भरून ठरवलेल्या तारखेपासून बाहेर पडता येते, मात्र तो अर्ज त्या तारखेच्या आधी गेला पाहिजे. बाहेर पडण्याच्या आदल्या दिवशी दुकान बंद झाल्यावर फळीवरचा आणि गोदामातला माल मोजून त्याची यादी खरेदीच्या बिलांशी जुळवावी आणि ३० दिवसांच्या आत ITC-01 या फॉर्ममध्ये ती भरावी, म्हणजे त्या मालावर पूर्वी भरलेला कर जमा मिळतो. एक वर्षाहून जुने बिल त्यात चालत नाही. साखळीच्या दुकानात पाच टक्क्यांचा ४ लाख २० हजारांचा आणि १८ टक्क्यांचा १ लाख १८ हजारांचा माल निघाला, म्हणजे २० हजार आणि १८ हजार असा कर. ही मुदत चुकली असती तर तोच माल पूर्ण कर लावून विकावा लागला असता आणि ३८ हजार रुपये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची कराची बचत, हातची गेली असती. म्हणून आधी बिलांची फाइल लावा, मोजणीचा दिवस ठरवा आणि मगच CMP-04 भरा.