आइस्क्रीमच्या पेटीला पातळ इन्सुलेशन

प्रश्न: खानापुरात आइस्क्रीमची रिक्षा आहे. पेटीच्या भिंतीत २० मिमीच जागा आहे. एरोजेल लावू की व्हॅक्यूम पॅनेल?

उत्तर: सपाट भागांना १५ मिमी व्हॅक्यूम पॅनेल लावा, म्हणजे हवा काढून फॉइलमध्ये बंद केलेला सिलिका गाभा, आणि दोन्ही बाजूंना पातळ फोम द्या, म्हणजे खड्ड्यांतले धक्के सोसतील. हे जवळपास ७५ मिमी थर्माकोलचं काम करतं. तेवढ्याच जाडीचं एरोजेल फक्त ३० मिमी थर्माकोलचं. पण पॅनेल कापता येत नाही, माप देऊनच मागवा. स्क्रू घुसला की हवा शिरते आणि ते जेमतेम एरोजेलइतकंच उरतं. म्हणून कोपरे आणि बिजागरीजवळ एरोजेल ब्लँकेटच बरं. ते कात्रीनं कापता येतं, फक्त धूळ फार, मास्क लावा. बसवण्याआधी प्रत्येक पॅनेल चाचपा. फॉइल सैल लागलं तर आत हवा शिरलेली असते, ते परत करा.