बिलावर ‘स्पेशल थाळी’ लिहिलं असेल तर?

प्रश्न : मेल-एक्स्प्रेस गाडीच्या बी-4 डब्यात शाकाहारी जेवणाचे माझ्याकडून 130 रुपये घेतले. दरपत्रकात 80 रुपये आहेत. बिल मागितलं तर त्यावर ‘स्पेशल थाळी’ असं लिहून दिलं. तक्रारीचा मेल कसा लिहू?

उत्तर : तुमच्या प्रकरणाचा सगळा भार ‘स्पेशल’ या शब्दावर आहे. 80 रुपयांचा दर प्रमाणित शाकाहारी जेवणाचा आहे. त्याखेरीज वेगळे पदार्थ वेगळ्या दराने विकायची ठेकेदाराला मुभा असते, आणि तो नेमकं हेच सांगून हात वर करील. म्हणून मेलमध्ये नुसतं ‘जास्त पैसे घेतले’ असं लिहू नका, ताटात काय होतं ते लिहा. प्रमाणित जेवणात भात, डाळ किंवा सांबार, भाजी, दोन पराठे किंवा चार चपात्या, 80 ग्रॅम दही आणि लोणचं येतं. तुम्हाला तेवढंच मिळालं असेल, तर नाव बदलल्याने दर बदलत नाही. ताटात पनीर किंवा गोड पदार्थ होता का, हे मात्र प्रामाणिकपणे आठवा. असेल, तर तक्रारीचा मुद्दा बदलतो : 80 चं जेवण मागूनही ‘ते नाही’ म्हणून नाकारलं का?

मेल आयआरसीटीसीला पाठवा आणि तीच तक्रार रेलमदतवर किंवा 139 वर नोंदवून क्रमांक घ्या. मजकूर साधारण असा :

‘गाडी क्र. __, दि. __, पीएनआर __, डबा बी-4, आसन __. बिल क्र. __ नुसार ‘स्पेशल थाळी’चे 130 रुपये घेतले. ताटात पुढील पदार्थ होते : __. दरपत्रकानुसार या जेवणाचा दर 80 रुपये आहे. जादा घेतलेले 50 रुपये परत करावेत. हा पदार्थ वेगळा असल्याचं म्हणणं असेल, तर त्याच्या मंजूर दराची प्रत द्यावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. दर मंजूर असल्याचा कागद त्यांनाच दाखवावा लागेल. सोबत बिलाचा आणि दरपत्रकाचा फोटो जोडा. पैसे यूपीआयने दिले असतील तर व्यवहाराचा स्क्रीनशॉटही जोडा. ते बिलावरच्या ठेकेदाराऐवजी वेटरच्या खात्यात गेले असतील, तर तसं स्पष्ट लिहा. मूळ फोटो फोनमधून पुसू नका.

‘योग्य ती कारवाई केली’ एवढंच उत्तर देऊन तक्रार बंद करतात, हा नेहमीचा अनुभव. विक्रेत्याला दंड झाला तरी तुमचे 50 रुपये तुम्हाला मिळत नाहीत. अशा वेळी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. लावलेल्या दरपत्रकापेक्षा जास्त किंमत घेणं हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(6) मध्ये तक्रारीचं स्वतंत्र कारण आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ठेकेदार आणि आयआरसीटीसी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करा.